पंपाच्या डोक्यावरची हवा

भोसरी एमआयडीसीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत एक जुना प्लंजर पंप होता. जमिनीतल्या हौदातलं पाणी १५ मीटर उंचीवरच्या टाकीत चढवणं एवढंच त्याचं काम. दोन इंची पाईप भिंतीकडेने जाऊन वर चढायचा. एकूण लांबी ३० मीटर. एका पावसाळ्यात या लाइनमध्ये ठोके बसू लागले. दर सेकंदाला एक दणका, आणि त्याबरोबर अख्खा पाईप हलायचा. भिंतीवरचा क्लॅम्प तुटला तेव्हा मी फाउंडेशनचे बोल्ट आवळून घेतले आणि जाड पट्टीचा नवा क्लॅम्प लावला. तो तर तीन आठवड्यांत भिंतीतून उपटूनच आला.

आमच्या जुन्या फिटरना सगळे मामा म्हणायचे. त्यांनी क्लॅम्पकडे पाहिलंही नाही. पंपाला लागूनच डिलिव्हरी लाइनवर एक उभं, बंद लोखंडी भांडं होतं, साधारण २५ लिटरचं. त्यावर ते पान्याने वरून खाली टकटक करत गेले. वरपासून खालपर्यंत एकच बसका आवाज. "पाणी भरलंय साहेब. वरचा अर्धा भाग घणघणायला पाहिजे होता," ते म्हणाले.

त्या भांड्याला एअर व्हेसल म्हणतात. वरून ते बंद असतं आणि खालच्या तोंडाने पाईपला जोडलेलं असतं. आत वर हवा, खाली पाणी. हलणारा एकही भाग नाही. म्हणूनच त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

आमच्या पंपाचा प्लंजर १०० मिलिमीटर व्यासाचा, स्ट्रोक २०० मिलिमीटरचा आणि वेग मिनिटाला ६० फेरे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दीड लिटरहून थोडं जास्त, १.५७ लिटर पाणी पुढे जायचं. पण ते सगळं अर्ध्या सेकंदात. उरलेला अर्धा सेकंद प्लंजर मागे येत हौदातलं पाणी ओढत असतो, तेव्हा डिलिव्हरी बंद. ढकलतानाही वेग सारखा नसतो. क्रँकमुळे प्लंजर शून्यापासून सुरू होतो, मधोमध सर्वांत वेगात असतो आणि टोकाला पुन्हा थांबतो.

हा सगळा चढउतार ३० मीटर पाईपमधल्या पाण्याला सोसावा लागतो, आणि त्या पाण्याचं वजन भरतं ५९ किलो. प्लंजरच्या मानाने पाईपचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा, त्यामुळे पाईपमधलं पाणी प्लंजरच्या चौपट वेगाने पळतं आणि चौपट त्वरणाने थांबतं. कनेक्टिंग रॉड पुरेसा लांब धरून हिशोब केला, तर स्ट्रोकच्या सुरुवातीला हा ५९ किलोचा खांब नुसता हलवायलाच ४८ मीटर पाण्याइतका दाब लागतो. टाकीची उंची फक्त १५ मीटर! चढणीपेक्षा तिप्पट जोर निव्वळ धक्का देण्यात.

स्ट्रोकच्या शेवटी याच्या उलट होतं. प्लंजर थांबू लागतो, पण पाणी ऐकत नाही. त्याला थांबवायला दोनच गोष्टी असतात: १५ मीटर उंचीचा उलटा भार, आणि टाकीच्या तोंडावर दाबणारी हवा. समुद्रकिनारी हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो; पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, म्हणून इथे तो साडेनऊ मीटरच्या थोडा वर. दोन्ही मिळून जेमतेम २५ मीटर, आणि लागतात ४८. पाणी प्लंजरच्या मागे राहत नाही, पुढे निघून जातं. मग कधी सक्शनचा व्हॉल्व्ह अवेळी उघडतो, तर कधी पाण्याचा खांबच तुटून मध्ये वाफेची पोकळी तयार होते. दुसऱ्या क्षणी खांब परत येतो आणि ती पोकळी मिटते. आम्ही ऐकत होतो तो दणका या मिटण्याचा. क्लॅम्प कितीही जाड केला तरी त्याने पोकळी थोडीच थांबणार होती!

हवा असलेलं भांडं हेच काम कसं सांभाळतं, ते पेटी वाजवणाऱ्याला लगेच कळेल. बाहेरचा भाता हाताने थांबत थांबत मारला, तरी सूर अखंड राहतो. कारण हाताने भरलेली हवा आतल्या दुसऱ्या भात्यात साठते आणि तिथल्या स्प्रिंगा ती एकसारख्या दाबाने सुरांकडे सोडतात. एअर व्हेसलमध्ये स्प्रिंगचं काम कोंडलेली हवा करते. प्लंजर जोरात ढकलतो तेव्हा जास्तीचं पाणी भांड्यात शिरून हवेला दाबतं. प्लंजर मागे फिरला की ती हवा पसरते आणि तेच पाणी पुढे लोटते. आमच्या पंपात प्रत्येक फेऱ्याला सुमारे ०.८७ लिटर पाणी असं आतबाहेर करत होतं. भांड्यात १० लिटर हवा असेल, तर तिचं आकारमान नऊ टक्क्यांच्या आसपास बदलतं आणि दाबही साधारण दहा-बारा टक्केच हलतो. व्हेसलच्या पुढे पाणी सेकंदाला ०.८ मीटर या एकाच वेगाने जातं. व्हेसल नसताना तोच वेग शून्य ते अडीच मीटर असा नाचत असतो. घर्षण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून अशा एकेरी पंपात घर्षणावर खर्च होणारी ऊर्जाही, आदर्श हिशोबात, सुमारे ८५ टक्के वाचते.

अट एकच: व्हेसल पंपाच्या अगदी जवळ हवं. पंप आणि व्हेसल यांच्यामधल्या पाईपातलं पाणी धक्के खातच राहतं. आमच्याकडे हे अंतर १ मीटर होतं, म्हणून ४८ मीटरचे १.६ मीटर होणार होते. व्हेसल टाकीजवळ बसवलं असतं, तर ते असून नसल्यासारखंच. गाड्या धुण्याच्या सेंटरवरच्या एचटीपी पंपावरही असा छोटा घुमट असतो. तिथे तीन प्लंजर पाळीपाळीने चालतात आणि प्रवाह मुळातच बराच सलग असतो, म्हणून एवढासा घुमट पुरतो.

मग आमची हवा गेली कुठे? पाण्यात. दाब वाढला की पाण्यात हवा जास्त विरघळते. सोड्याच्या बाटलीत गॅस राहतो तो याच नियमाने. आमच्या भांड्यात हवेचा दाब बाहेरच्या अडीचपट होता आणि खालून दर सेकंदाला नवं पाणी येऊन घुसळलं जात होतं. ते थोडी थोडी हवा घेऊन टाकीकडे जायचं. भांड्यातली पातळी चढत गेली आणि शेवटी लाइन बिनव्हेसलची झाली. हल्लीच्या व्हेसलमध्ये हवा आणि पाणी यांच्यामध्ये रबराची पिशवी असते, आणि पिशवीत नायट्रोजन. जुन्या भांड्यात मात्र हवा अधूनमधून भरावीच लागते.

मामांनी पंप बंद केला, टाकीकडचा व्हॉल्व्ह लावला, गेजचा काटा शून्यावर येऊ दिला. मग वरचा कॉक आणि खालचा ड्रेन उघडला. बादलीभर पाणी निघालं, वरून फुसफुसत हवा आत गेली. दोन्ही कॉक बंद केले, टाकीकडचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि मगच पंप चालू केला. भांडं आता हवेने पूर्ण भरलेलं, पण दाब चढताच ती २५ लिटर हवा आकसून १० लिटरवर आली. हवं होतं तेवढंच. पाईपवर हात ठेवला तर मंद थरथर, बस्स. ज्या गेजवर मला आकडा वाचता येत नव्हता, त्याचा काटा दीड किलोच्या जरा वर स्थिर झाला. इतका साधा उपाय आणि इतका मोठा फरक पाहून मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

मामांनी भांड्यावर खडूने तारीख लिहिली. त्यानंतरची तारीख पडली दीड महिन्याने, त्यापुढची पंधरा दिवसांत, मग आठ. पाणी हवा नेतं ते जवळपास ठरलेल्या गतीने. एकदम घाई झाली म्हणजे दुसरी वाट आहे. साबणाचा फेस करून मामांनी वरच्या कॉकच्या आट्यांवर लावला. थोड्या वेळाने तिथे एक बुडबुडा सावकाश फुगला.