हिजानत आणि नफका: तलाकनंतर लहान मुलांचा ताबा आणि पोटगी (हनफी फिक्ह)

हिजानत म्हणजे लहान मुलाला सांभाळणं: अंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं, दुखलं खुपलं बघणं. नफका म्हणजे त्याचा खर्च, मराठीत आपण पोटगी किंवा खावटी म्हणतो ते. इस्लामी फिक्हमध्ये, म्हणजे जुन्या कायदेशास्त्रात, नवराबायको वेगळे झाले की या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांकडे जातात, मूल आईच्या मांडीवर आणि बिल बापाच्या खिशातून. बापाची विलायत म्हणजे कायदेशीर पालकत्व (मुलाची मालमत्ता बघणं, लग्न ठरवणं वगैरे) ही तिसरी गोष्ट, आणि मूल आईकडे राहिलं म्हणून ती सुटत नाही. आपल्याकडे "ताबा" या एकाच शब्दात सगळं कोंबतात, त्यामुळे बराच गोंधळ होतो.

इथे मुख्यतः हनफी मताबद्दल, म्हणजे सुन्नी फिक्हच्या चार शाखांपैकी एकीबद्दल लिहिलंय, कारण भारतातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत. या मताचा भारतात सगळ्यात जास्त वाचला गेलेला ग्रंथ म्हणजे १२व्या शतकातल्या मरगीनानीचं 'हिदाया', कंपनी सरकारने १७९१ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि पुढे कोर्टात तेच फिरत राहिलं. कोकणी मुसलमान मात्र शाफई या दुसऱ्या शाखेचे आहेत, त्यांचा नियम एका ठिकाणी चांगलाच वेगळा पडतो, तो पुढे येईल.

आईला पहिला हक्क का? आधार म्हणून एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्यावागण्याची परंपरेने आलेली नोंद, सांगतात. एक बाई पैगंबरांकडे आली आणि म्हणाली की माझं पोट या मुलाचं भांडं होतं, माझी मांडी त्याचा आसरा होती, छाती त्याचं पाणी होती, आणि आता याचा बाप याला माझ्यापासून ओढून न्यायचं म्हणतो. उत्तर मिळालं, तू दुसरं लग्न करत नाहीस तोवर तुझाच हक्क जास्त. दुसरा दाखला पुढे खलिफा झालेल्या खुद्द उमर यांचा, आपल्या सोडलेल्या बायकोकडून मुलगा आसिम याला घ्यायला गेले तर खलिफा अबू बकर यांनी मूल आईकडेच ठेवलं. हिदायात ते असं येतं की उमर, तिची लाळ त्याला तुझ्या मधापेक्षा बरी. शास्त्री याचं कारण साधं देतात: आईची माया जास्त आणि हे काम तिला जास्त जमतं. म्हणजे मुलाचं हित हा वेगळा निकष लावलेला नाहीये, ते नियमातच मुरवून ठेवलंय.

आई नसेल किंवा तिचा हक्क गेला असेल तर रांग आईच्या आईकडे, मग बापाच्या आईकडे, मग बहिणी (सख्खी आधी, मग आईकडून सावत्र, मग बापाकडून सावत्र), मग मावशा, मग आत्या. मावशी आत्याच्या आधी, कारण सगळी माया आईच्या बाजूने मोजलीये.

किती वर्षं? मुलगा स्वतः जेवायला, पाणी प्यायला, कपडे घालायला आणि शी धुवायला शिकेपर्यंत. हे ओळखायचं कसं, तर खस्साफ नावाच्या जुन्या शास्त्र्याने अंदाज लावला ७ वर्षं, तोच रूढ झाला. मुलगी आईकडे किंवा आजीकडे वयात येईपर्यंत, पण हनफी मताच्या सुरुवातीच्या शास्त्र्यांपैकी इमाम मुहम्मद यांच्या मते आधीच, साधारण ९ पर्यंत. मुलाला आता पुरुषांच्या रीती आणि शिक्षण लागतं ते बाप देईल, मुलीला बायकांची कामं शिकायची असतात ती आई शिकवेल, आणि वयात आल्यावर तिला राखणं बापाला जास्त जमेल, असं तेव्हाचं गणित. आज हे वाचून कपाळाला आठ्या पडतात, पण गंमत ही की वयाचा आकडा मुळात आकडा नाहीये, मुलाच्या गरजेची खूण आहे.

शाफई मत इथे वेगळं. समज येईपर्यंत, साधारण ७-८ व्या वर्षापर्यंत, मूल आईकडे आणि मग मुलाला विचारायचं तुला कुणाकडे राहायचंय. हनफी म्हणतात, नको, मुलाला अक्कल कमी, जो खेळायला मोकळं सोडेल त्याच्याकडेच तो जाईल. यावर इब्न कय्यिम या १४व्या शतकातल्या हंबली शाखेच्या पंडिताने आपल्या गुरूकडून म्हणजे इब्न तैमियाकडून ऐकलेला एक किस्सा लिहून ठेवलाय. काझीने मुलाला निवड दिली आणि त्याने बाप निवडला. आई म्हणाली, त्याला विचारा का निवडला. मूल म्हणालं, आई मला रोज मकतबात, म्हणजे शाळेत पाठवते आणि तिथले मास्तर मारतात, बाप मला पोरांबरोबर खेळू देतो. काझीने मूल आईला दिलं. म्हणजे मुलाच्या पसंतीला मान द्यायचा, पण पसंतीमागचं कारण पण ऐकायचं.

आता सगळ्यात वादाचा नियम. आईने मुलाशी नातं नसलेल्या परक्याशी लग्न केलं तर तिचा हक्क जातो. हिदायाचं कारण असं की सावत्र बाप त्याला थोडंसंच देतो आणि तिरक्या नजरेने बघतो, मूळ अरबीत हे यमकात आहे, म्हणून लक्षात राहतं. तिने मुलाच्या काकाशी लग्न केलं तर हक्क जात नाही, कारण तो परका नाही. आणि नवीन लग्न मोडलं तर हक्क परत येतो. यावरून कळतं की ही आईला शिक्षा नाहीये, घरात कोण आहे याची काळजी आहे. पण नियम कधी उलटा पडतो, हे जुन्या लोकांनाही दिसत होतं. दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) लिहितात की मुफ्तीने, म्हणजे धर्मकायद्यावर मत देणाऱ्याने, डोळे उघडे ठेवावेत, कारण कधी मुलाचा जवळचा नातेवाईकच त्याच्या जिवावर उठलेला असतो आणि आईचा नवरा मायाळू असतो, तेव्हा मुलाचं भलं कुठे आहे ते बघावं.

पैशाकडे येऊ. कुराणात (२:२३३) दूध पिणाऱ्या मुलाच्या आईचं अन्नवस्त्र बापावर टाकलंय आणि सोबत म्हटलंय की मुलावरून आईला त्रास देऊ नये आणि बापालाही नाही. ६५:६ मध्ये तलाक झालेल्या आईने दूध पाजलं तर तिला मोबदला द्या असं आहे. हनफी मतानुसार मुलाची स्वतःची मालमत्ता असेल तर खर्च त्यातून, नसेल तर एकट्या बापावर, मुलगा कमावण्याइतका होईपर्यंत आणि मुलीचं लग्न होईपर्यंत. गरिबी हे कारण चालत नाही, धडधाकट माणसाने कमवायचं. तरी जमलं नाही तर आई किंवा आजोबा खर्च करतात, पण ते बापावरचं कर्ज म्हणून.

एक उदाहरण घेऊ. समजा मुलगा १४ महिन्यांचा, मुलगी ५ वर्षांची, तलाक झाला, आईची इद्दत, म्हणजे तलाकनंतर दुसरं लग्न न करता थांबायची मुदत, संपली, ती माहेरी राहते. दोन्ही मुलं आईकडे. इद्दत संपल्यामुळे तिचा स्वतःचा नफका थांबला, पण मुलांचा चालू आहे. वर मुलगा २ वर्षांचा होईपर्यंत दूध पाजायचा मोबदला तिला मागता येतो. बाप म्हणतो, दूध पाजणारी दुसरी दाई कमी पैशात मिळते. आई तेवढ्याच पैशाला तयार असेल तर तिचाच हक्क, जास्त मागत असेल तर बाप दाई ठेवू शकतो, पण दाईने आईच्या घरी येऊन पाजायचं, मूल हलत नाही. मला हा भाग फार आवडतो, कारण पैशाचा वाद पैशापुरताच ठेवलाय.

आता बाप ६ महिने काहीच देत नाही. इथे आईने शांत बसलं तर फसते, कारण हनफी मतानुसार नातेवाइकांचा नफका गरजेसाठी असतो आणि गरज भागून गेली की मागची बाकी बुडते. म्हणून आधी काझीकडून रक्कम ठरवून घ्यायची आणि बापाच्या नावावर उसनं काढायची परवानगी मागायची, मग ते बापावर पक्कं कर्ज राहतं. आणि समजा तिने सुटका मिळवायला खुला, म्हणजे बायकोने काही देऊन मागून घेतलेला तलाक, घेतला आणि त्यात लिहून दिलं की मुलं बापाकडे राहतील, तर खुला टिकतो पण ती अट बाद, कारण हिजानत हा मुलाचाही हक्क आहे, आईने तो विकायचा नाही.

पुढे तिला गाव सोडायचंय. ज्या गावी निकाह झाला ते तिचं माहेर असेल तर मुलं घेऊन जाता येतं. बाकी ठिकाणी बापाला जाऊन मुलाला भेटून रात्रीच्या आत घरी परत येता आलं पाहिजे. खेड्यातून शहरात चालतं, उलटं नाही, कारण मूल गावंढळ सवयी उचलेल म्हणे (शहरी शास्त्र्यांचा तोरा).

आज भारतात काझीच्या जागी कोर्ट आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १७ सांगतं की मुलाला लागू असलेला धर्मकायदा धरून मुलाचं हित कशात आहे ते बघायचं, आणि मूल समजदार असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते. म्हणून ७ वर्षांचा नियम कोर्टात सुरुवात म्हणून येतो, निकाल म्हणून नाही, मुलगा ७ चा झाला की बाप आपोआप घेऊन जाईल असं समजून अर्ज करणारे नेहमी हिरमुसतात. पोटगीचं उलट झालं. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यात मुलाच्या खर्चाची मुदत जन्मापासून २ वर्षं अशी लिहिली होती, त्यावर बोट ठेवून बाप म्हणायचे आमची जबाबदारी तिथे संपली. नूर सबा खातून विरुद्ध मोहम्मद कासिम या १९९७ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती २ वर्षं तलाकशुदा आईच्या हक्काचा भाग आहेत, मुलांचा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा स्वतःचा हक्क वेगळा आहे आणि तो त्याने कमी होत नाही. हे कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ म्हणून आलंय, आणि मुलांचा अर्ज त्याखाली आईच करते.