गोळी न घेताही जंतू औषधाला दाद देत नाहीत, ते कसे?

“मी जन्मात अँटिबायोटिक घेतलं नाही, मग माझ्या लघवीतला जंतू औषधाला दाद का देत नाही?” – अमळनेरची मावशी

मावशी, ही ताकद जंतूंना शेजाऱ्याकडूनही मिळते. पाण्यातून, अन्नातून आतड्यात आलेला क्लेबसिएला हा जंतू पिलस नावाचा बारीक धागा टाकून तिथल्या ई. कोलाय या दुसऱ्या जंतूला जवळ ओढतो. मग प्लास्मिडची, म्हणजे डीएनएच्या कड्याची, एक पट्टी तुटून पलीकडे सरकते. दोन्हीकडे जोडपट्टी तयार होते, त्यामुळे देणाऱ्याचं काहीच जात नाही. विरजणच समजा. हाच ई. कोलाय पुढे लघवीच्या मार्गात शिरतो.

१९५९ साली जपानमध्ये आमांशाचा शिगेला ई. कोलायसोबत नुसता वाढवला, तर चार औषधांचा प्रतिकार एकदमच पलीकडे गेला, कारण ती जनुकं एकाच कड्यावर होती. तेव्हा धुळ्याला जाऊन आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी, करा, गोळी त्यानंतर.