फिरती खाद्यगाडी : रोजचा जमाखर्च

वाहनातच शिजवून ग्राहकाला तिथल्या तिथे विकण्याचा व्यवसाय. उगमाबाबत एकमत नाही. काही जण तो टेक्सासमधील चार्ल्स गुडनाइट याच्या 1866च्या ‘चकवॅगन’पर्यंत नेतात, तर काही वॉल्टर स्कॉट याने 1872च्या सुमारास प्रॉव्हिडन्स येथे सुरू केलेल्या घोडागाडीपर्यंत. चकवॅगनवर पगारी गुराख्यांना जेवण मिळे, विक्री होत नसे. जमाखर्चाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

खर्च दोन तऱ्हेचा असतो. कच्चा माल आणि वेष्टन प्लेटमागे वाढते. बाकीचा खर्च गाडी बाहेर काढली की ठरलेलाच. इंधन वरवर पाहता विक्रीबरोबर वाढेलसे वाटते, पण जनरेटर गिऱ्हाईक नसतानाही तेल पितोच. म्हणून त्याचे इंधन तासांवर, तर गाडीचे अंतरावर धरावे.

उदाहरणादाखल, प्लेटची किंमत 100 एकके आणि माल व वेष्टन 40 धरल्यास हाती 60 उरतात. प्रवासाचे इंधन 200, गॅस व जनरेटर 300, जागाभाडे, परवाना व गाडीची झीज मिळून 700 असे 1200 एकके रोज निघायला हवीत. म्हणजे पहिल्या 20 प्लेट खर्चातच जातात.

मदतनिसाची मजुरी 900 धरली तर हा आकडा 35वर जातो. मालक एकटा शिजवून पैसेही घेत असेल, तर तासाला साधारण 20 प्लेट निघतात; दोघे असल्यास 35. गर्दी दोनच तास टिकते असे मानले, तर एकट्याची मजल 40 प्लेटपर्यंत आणि शिल्लक 1200. दोघांनी 70 विकल्या तर शिल्लक 2100. मागणीच 45 असेल, तर मदतनीस ठेवून 600च उरतात. एकट्याइतकी शिल्लक पडायलाही 55 प्लेट खपाव्या लागतात. मालकाची स्वतःची मजुरी या शिलकीतूनच निघते. ती वेगळी न मांडल्याने तोट्यातली गाडीही वर्षभर नफ्यात दिसू शकते.

जागा निवडताना दिवसभराची वर्दळ मोजणे फसवे. मोजायची ती जेवणाच्या वेळेची, तीही थांबू शकणाऱ्यांची. बस गाठायला धावणारा माणूस मोजणीत येतो, रांगेत येत नाही. लांबच्या जागेसाठी इंधनाला 300 जास्त लागत असतील, तर तिथे पाच प्लेट अधिक खपल्यावर फक्त बरोबरी होते. रांग पाहून लोक परत जात असतील, तर जागा बदलण्याऐवजी हात वाढवावा. याउलट रांग नसताना मदतनीस मोबाइल पाहत बसलेला दिसला, तर जागा चुकली असण्याची शक्यता जास्त. एका दिवसावरून मात्र ठरवू नये; पाऊस, सुट्टी आणि पगाराची तारीख यांनी आकडे हलतात. उरलेला शिजवलेला माल प्लेटमागे जवळजवळ 40 एकके घेऊन जातो, त्यामुळे नव्या जागी पहिले काही दिवस माल कमीच न्यावा.