बाकांचा नकाशा आणि न छापलेला अभ्यासक्रम

बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सगळीकडे सक्तीचं झालं, तेव्हा मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयं ठरली होती. मुलींची दोन वर्षं कायद्यानेच कापली, पण निदान ती कागदावर दिसत तरी होती. आज वडोदऱ्याच्या कुठल्याही मराठी शाळेत मुलामुलींना तेच पुस्तक, तोच तास आणि तीच परीक्षा असते. फरक उरला असेल तर तो बाई किंवा सर कुणाकडे बघून प्रश्न विचारतात, इथे असतो. तो शोधायचा तर कागद आपणच न्यावा लागतो.

'छुपा अभ्यासक्रम' हा शब्द रूढ केला फिलिप जॅक्सन या अमेरिकी अभ्यासकाने, १९६८ मध्ये. वर्गात बसून त्याने पाहिलं की मुलं गणित-भाषेइतकीच आणखी एक गोष्ट रोज शिकतात: गर्दीत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सतत कुणीतरी आपल्याला जोखतंय हे सोसणं आणि सत्ता कुणाकडे आहे हे ओळखून वागणं. याची परीक्षा होत नाही, पण नापास होणारा लगेच ओळखू येतो. त्याला 'आगाऊ' म्हणतात.

बी.एड. केलेल्यांना वर्गातलं बोलणं मोजायची फ्लँडर्सची पद्धत आठवत असेल. दर तीन सेकंदांनी एक आकडा मांडायचा: शिक्षकाच्या बोलण्याचे सात प्रकार, मुलांचे दोन, आणि दहावा शांततेचा किंवा गोंधळाचा. शिक्षक किती बोलतात हे त्यातून छान कळतं. पण 'विद्यार्थी बोलला' एवढंच नोंदवलं जातं. कोणता विद्यार्थी, हे नाही. नेमकं तेच आपल्याला हवंय. म्हणून साधा बाकांचा नकाशा बरा.

एका कागदावर वर्गातले सगळे बाक चौकोनांनी काढा आणि प्रत्येक मुलाच्या जागी 'मु' किंवा 'ली' लिहा. मग तासभर चारच खुणा करायच्या. शिक्षकांनी नाव घेऊन विचारलं तर उभी रेघ. मूल न विचारता बोललं आणि उत्तर घेतलं गेलं तर गोल. न विचारता बोललं आणि 'हात वर कर' असं ऐकून घ्यावं लागलं तर फुली. मूल बोलत असताना त्याची भाषा सुधारायला मध्येच थांबवलं तर टिंब. 'समजलं का?' 'होऽऽ' हे सामूहिक उत्तर नकाशावर मांडू नका, कडेला वेगळं मोजा. तो प्रश्न नसतोच. न समजलेल्याने गप्प राहण्याची ती तालीम असते.

समजा सहावीचा वर्ग आहे, २४ मुलगे आणि १६ मुली. पस्तीस मिनिटांच्या तासात रेघा आणि गोल मिळून ६० भरले: मुलग्यांकडे ४६, मुलींकडे १४. म्हणजे दर मुलग्यामागे जवळपास दोन, दर मुलीमागे एकाहून कमी. इथेच थांबलं तर 'बाई मुलग्यांनाच विचारतात' असा निष्कर्ष निघेल, आणि तो अर्धवट असेल. ४६ पैकी १८ गोल आहेत, म्हणजे बाईंनी विचारलेलंच नव्हतं. ते वगळले तर मुलग्यांकडे २८ रेघा उरतात, दर मुलग्यामागे १.२, मुलींचा एकही गोल नाही, त्यांच्या १४ रेघा म्हणजे दर मुलीमागे ०.९. दरी बरीच आटली. आता फुल्या बघा: मुलींना पाच, मुलग्यांना दोन. मुलीही मध्ये बोलल्या होत्या, पण पाचही वेळा त्यांना नियम सांगितला गेला. मुलग्यांचं मात्र वीसपैकी अठरा वेळा उत्तर घेतलं गेलं. नियम एकच आहे, लागू मात्र दोन तऱ्हांनी झाला. अमेरिकेत मायरा आणि डेव्हिड सॅडकर यांनी १९८० च्या दशकात वर्ग पाहिले तेव्हा त्यांनाही हेच आढळलं होतं.

सरासरीत आणखी एक गोष्ट लपते. याच नकाशात चार मुलग्यांकडे मिळून २२ खुणा असू शकतात आणि आठ मुलग्यांकडे शून्य. मागच्या बाकावरच्या गप्प मुलग्याला या 'मुलग्यांच्या वर्चस्वा'तून काहीच मिळत नाही. म्हणून रिकामे चौकोन आवर्जून मोजावेत.

टिंबांचं प्रकरण वेगळं आहे. एखादा मुलगा सांगतो, 'पानी तापलं की त्याची वाफ व्हती.' त्याला 'पानी नाही, पाणी' इथेच अडवलं की बाष्पीभवन राहून जातं. वडोदऱ्यात तर घरच्या मराठीत गुजराती शब्द सहज मिसळलेले असतात. टिंबं कोणत्या घरच्या मुलांवर पडतात हे पाहिलं की वर्गातली सामाजिक उतरंड डोळ्यांपुढे येते, आणि ज्याच्यावर तीन-चार टिंबं पडली तो पुढे हात वर करायचा थांबतो का, हेही पुढच्या तासांच्या नकाशांतून कळतं. भाषा सुधारू नये असं नाही. विचार पूर्ण होऊ द्यावा आणि मग सुधारावी.

वर्गभेद शाळा-शाळांमध्ये कसा मुरतो, यावर जीन अॅनियनचं १९८० मधलं काम अजूनही वाचण्याजोगं आहे. न्यू जर्सीतल्या पाच शाळांत तिने पाचवीचे वर्ग पाहिले. कामगारवस्तीतल्या शाळांत भागाकार म्हणजे फळ्यावरून उतरवलेल्या पायऱ्या: भागा, गुणा, वजा करा, खाली उतरवा. वेगळी रीत सुचवलेली चालत नसे. बड्या अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शाळेत शिक्षिका आधी विचारी की असं गणित समोर आलं तर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं. गणित तेच, पण एकीकडे आज्ञा पाळण्याचा सराव आणि दुसरीकडे निर्णय घेण्याचा. पाच शाळांवरून जगाचा नियम ठरत नाही हे खरं, पण काय बघायचं ते यातून नेमकं कळतं.

आता नकाशा कुठे फसतो ते. पाहुणा बसलाय म्हटल्यावर शिक्षक जपून वागतात, म्हणून पहिल्या एक-दोन तासांच्या नोंदी सोडून द्या आणि नंतरचे निदान तीन तास घ्या. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळे नकाशे भरून ताडून पाहा. ६० पैकी ५० खुणाही जुळत नसतील तर गोल कशाला म्हणायचं तेच आधी नीट ठरवायला हवं.

सगळ्यात मोठा घोळ जागेचा. समोरच्या रांगेतल्या आणि मधल्या पट्ट्यातल्या मुलांना जास्त विचारलं जातं, हे अनेक निरीक्षणांत दिसलेलं आहे. मुलगे टेबलाच्या बाजूला आणि मुली खिडकीकडे बसत असतील, तर फरक मुलगी असण्याचा की खिडकीचा? एक आठवडा बाजू बदलून नवा नकाशा भरा. रेघा जागेबरोबर सरकल्या तर दोष मांडणीचा. मुलग्यांच्या मागोमाग गेल्या तर दोष नजरेचा.

मेरी बड रो हिने १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं कमी होतात. म्हणून क्रम असा: आधी प्रश्न, मग तीन सेकंद, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेले एकोणचाळीस जण निवांत होतात. ओरडून दिलेलं उत्तर बरोबर असलं तरी त्या तीन सेकंदांत घ्यायचं नाही, कुणाचंच नाही. पहिले काही दिवस हे अवघड जातं, कारण बरोबर उत्तर कानावर आलं की शिक्षकाची मान आपोआप हलते, आणि ती हललेली मान अख्खा वर्ग बघतो.