पॉलिप्रॉपिलीनची थ्रीडी छपाई व बेडची पकड

पॉलिप्रॉपिलीन (पीपी) हे डब्यांची झाकणे, बिजागरीसारखे वारंवार दुमडणारे भाग आणि रसायनांच्या बाटल्या यांसाठी वापरले जाणारे प्लॅस्टिक आहे. त्याचे फिलामेंट साधारण २२० ते २४५ अंश सेल्सियसला नोझलमधून सहज वाहते. खरी अडचण पहिल्या थरातच येते, म्हणजे बेडवर, ज्या सपाट पृष्ठभागावर वस्तू छापली जाते तिथे. काच, पीईआय प्लॅस्टिकचा पत्रा, निळी मास्किंग टेप किंवा कॅप्टॉन टेप यांवर पीएलए किंवा एबीएस ही नेहमीची प्लॅस्टिके चांगली बसतात, पण पीपी तिथे धरतच नाही किंवा काही थरांनंतर कोपऱ्यांतून उचलले जाते.

याला दोन वेगळी कारणे आहेत. पीपीची साखळी फक्त कार्बन व हायड्रोजनची असते, तिच्यात ध्रुवीय गट नसतात. म्हणून तिची पृष्ठऊर्जा कमी, सुमारे ३० मिलिन्यूटन प्रतिमीटर एवढी असते आणि दुसऱ्या पदार्थाशी तिचे आकर्षण क्षीण राहते. साध्या गोंदकांडीचा थर बेडला चिकटतो, पण पीपी त्या थराला चिकटत नाही. दुसरे कारण आकुंचनाचे. पीपी अंशतः स्फटिकी असल्यामुळे थंड होताना त्याच्या साखळ्या दाटीने रचल्या जातात. भर न घातलेले पीपी लांबीत १ ते २.५ टक्के आक्रसते, तर एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे आधीच दुबळ्या असलेल्या पकडीवर ओढ मात्र कितीतरी जास्त पडते.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे खोकी बंद करायची पारदर्शक किंवा तपकिरी पॅकिंग टेप. ही टेप बहुधा ताणलेल्या पीपीच्याच पातळ पापुद्र्याची असते. वितळलेले पीपी या पापुद्र्याचा पृष्ठभाग मऊ करून त्यात मिसळते. इथे चिकटण्याऐवजी वेल्डिंग होते, आणि पृष्ठऊर्जेचा प्रश्नच उरत नाही. मात्र टेप पीपीची आहे याची खात्री हवी. पीव्हीसी किंवा कागदी टेपवर हा गुण येत नाही.

उदाहरणार्थ, १२० × ८० मिमीचे सपाट झाकण घ्या. १.५ टक्के आकुंचन धरले तर लांब बाजू १.८ मिमी आखूड होऊ पाहते. बेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ४८ मिमी रुंदीच्या तीन पट्ट्या लांब बाजूला समांतर लावाव्यात. त्या एकमेकींना भिडलेल्या हव्यात. एकमेकींवर चढल्या तर तळाला कंगोरा उमटतो, फट राहिली तर तेवढ्या रेषेत पीपी सुटते. दोन्ही टोकांना पट्टी ब्रिमच्याही, म्हणजे पकडीसाठी वस्तूभोवती छापलेल्या पातळ कडेच्याही, पुढे २०–३० मिमी जाऊ द्यावी, कारण सर्वांत जास्त ओढ तिथे असते. आतले बुडबुडे कार्डाच्या कडेने दाबून काढावेत आणि वरचा पृष्ठभागही अल्कोहोलने पुसावा. गुंडाळी सहज उलगडावी म्हणून अनेक टेपांच्या पाठीवर न चिकटणारा लेप असतो, आणि छपाई नेमकी त्याच बाजूवर होते.

टेप सुमारे ०.०५ मिमी जाड असते. बेडची उंची मोजणाऱ्या, पण फक्त धातू ओळखणाऱ्या इंडक्टिव्ह सेन्सरला ती दिसत नाही, म्हणून नोझल तेवढे वर घ्यावे लागते. नोझल २३५ अंश, बेड ७० अंश, पहिला थर सावकाश, ब्रिम ८–१० मिमी आणि सुरुवातीच्या थरांना पंखा बंद, ही चांगली सुरुवात आहे. बेड फार तापवला तर टेपचा गोंद ढिला पडतो आणि पापुद्रा स्वतःच आक्रसू लागतो. तापमान सोसण्यात ॲक्रिलिक गोंदाची टेप रबरी गोंदाच्या टेपपेक्षा सरस ठरते.

छपाई फसली तर उचललेल्या कोपऱ्याखाली पाहावे. टेप वस्तूसोबत वर आली असेल तर वेल्ड पक्का आहे, दोष टेप आणि बेडमधल्या गोंदाचा आहे. अशा वेळी बेड पुन्हा पुसावा, तापमान ५–१० अंशांनी उतरवावे, रुंद टेप वापरावी. टेप जागेवर राहून वस्तू एकटीच सुटली असेल तर वेल्ड कच्चा आहे. तेव्हा पहिल्या थरासाठी नोझल ५–१० अंशांनी अधिक तापवावे, वेग कमी करावा, नोझल किंचित खाली घ्यावे. छपाईनंतर टेप तळापासून सोलताच येत नसेल तर हेच बदल उलट दिशेने करावेत. वस्तू बेड पूर्ण थंड झाल्यावर टेपसकट उचलावी. प्रत्येक वेळी नवी टेप लावणे हेच बरे.

टेपऐवजी ३–५ मिमी जाडीचा पीपीचा सपाट पत्रा क्लिपांनी बसवता येतो. त्याच्या खाली गोंद नसल्याने तो सुटण्याची भीती नाही, पण वेल्ड जरा जास्त झाला तर वस्तू पत्र्यापासून वेगळी होत नाही, आणि जोर जास्त पडला तर पत्राच वाकतो. पीपीसाठी खास बनवलेली चिकटद्रव्येही मिळतात. तळ गुळगुळीत हवा असेल तेव्हा ती टेपपेक्षा सोयीची पडतात. काचतंतू किंवा खनिजाची भर घातलेले पीपी कमी आक्रसते, त्यामुळे कोपरे उचलले जाण्याचा त्रास घटतो. पण त्यालाही काचेवर किंवा पीईआयवर पकड मिळत नाही, आणि काचतंतूमुळे वारंवार दुमडण्याचा गुण जातो.