बंदिस्त जलतरण तलाव : आर्द्रतानियंत्रण व जलतापन

छताखालील तापवलेल्या तलावातून सतत वर येणारी वाफ काढून टाकणे आणि त्याच वेळी पाण्याचे तापमान टिकवणे या दोन कामांचा आराखडा एकत्रच करावा लागतो. तलावाची बहुतांश उष्णता बाष्पीभवनातून जाते, त्यामुळे हवेत गेलेली वाफ ही खरे तर पाण्याने गमावलेली उष्णताच असते. कोल्हापुरात या आराखड्याची खरी कसोटी थंडीपेक्षा पावसाळ्यात लागते.

बाष्पीभवनाचा वेग मुख्यतः दोन बाष्पदाबांच्या फरकावर ठरतो : पाण्याच्या पृष्ठभागालगतचा संपृक्त बाष्पदाब आणि दालनातील हवेचा बाष्पदाब. पाण्यावरून वाहणारा हवेचा झोत संथ असेल, तर पुढील सूत्र वापरतात.

W = 4 × 10⁻⁵ × A × (pw − pa) × F

येथे W म्हणजे दर सेकंदाला उडणारे पाणी (किलोग्रॅम), A म्हणजे पाण्याचे क्षेत्रफळ (चौरस मीटर), pw व pa हे अनुक्रमे पाण्यालगतचा व हवेतील बाष्पदाब (किलोपास्कल) आणि F हा वापराचा गुणक होय. सार्वजनिक तलावासाठी F साधारण 1 आणि घरगुती तलावासाठी 0.5 धरतात.

उदाहरणादाखल 25 मीटर लांब व 12.5 मीटर रुंद सार्वजनिक तलाव घेऊ. पाणी 28 अंश सेल्सिअस, हवा 30 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्के ठेवली, तर बाष्पदाबांतील फरक सुमारे 1.23 किलोपास्कल येतो आणि ताशी जवळजवळ 55 किलोग्रॅम पाणी उडते. त्याबरोबर सुमारे 37 किलोवॅट उष्णता जाते. विजेची बचत होईल या समजुतीने हवा 27 अंशांवर आणली आणि आर्द्रता तेवढीच ठेवली, तर हाच भार ताशी 74 किलोग्रॅम आणि 50 किलोवॅटपर्यंत चढतो. म्हणून हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश उष्ण ठेवण्याचा नियम पाळतात; मात्र 30 अंशांच्या फार वर गेल्यास काठावरच्या माणसांना उकडू लागते. सेटपॉइंट, म्हणजे यंत्राने राखायचे तापमान, लावताना हवेचे तापमान खाली ओढण्याचा मोह टाळावा, कारण वाचलेल्या उष्णतेहून अधिक उष्णता पाण्यातून निघून जाते.

आता बाहेरची हवा पाहू. हिवाळ्यात कोल्हापुरातील 15 अंशांच्या आणि 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत दर किलोग्रॅम कोरड्या हवेमागे 7 ग्रॅमच्या आसपास बाष्प असते, तर वरील उदाहरणातील दालनात ते सुमारे 17 ग्रॅम असते. त्यामुळे ताशी पाच हजार घनमीटर बाहेरची हवा आत घेऊन तेवढीच बाहेर टाकली, तरी वाफ निघून जाते. आत येणारी हवा तापवणे तेवढे उरते. जुलैमध्ये मात्र बाहेरची हवा 25 अंशांची आणि 90 टक्के आर्द्र असेल, तर तिच्यातील बाष्प 19 ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे ती दालनातील हवेपेक्षाही ओली असते. श्वसनासाठी आणि पाण्यातील क्लोरीनपासून बनून पाण्यावर साठणारी क्लोरामाइने ही त्रासदायक संयुगे हटवण्यासाठी पाण्याच्या व भोवतालच्या ओल्या काठाच्या दर चौरस मीटरमागे सेकंदाला 2.4 लिटर ताजी हवा द्यावी लागते. काठ 200 चौरस मीटर धरल्यास ही हवा ताशी सुमारे 4,400 घनमीटर होते आणि ती पावसाळ्यात स्वतःबरोबर ताशी 10 किलोग्रॅम जादा बाष्प आणते. म्हणून बाष्प काढणाऱ्या यंत्राची क्षमता ताशी 55 नव्हे, तर किमान 65 किलोग्रॅम धरावी. केवळ पंख्यांवर विसंबलेला तलाव या ऋतूत घामेजणारच.

या कामासाठी हीट पंपावर चालणारा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील बाष्प काढून घेणारे यंत्र, योग्य ठरतो. त्याच्या थंड कॉइलवर बाष्पाचे पाणी होते आणि त्यातून मिळालेली उष्णता, तसेच कॉम्प्रेसरची उष्णता, आधी दालनातील हवेला आणि उरलेली तलावाच्या पाण्याला देता येते. नेहमीच्या वापरात वेगळ्या हीटरची गरज त्यामुळे बरीच घटते. तलाव प्रथम भरताना मात्र ही मदत मिळत नाही : दीड मीटर सरासरी खोलीचे 469 घनमीटर पाणी 22 वरून 28 अंशांवर तीन दिवसांत न्यायचे, तर उष्णतेची गळती सोडूनही 45 किलोवॅट लागतात. हीटरची निवड या आकड्यावरून करावी. रात्री तलावावर आच्छादन ओढल्यास बाष्पीभवन खूपच घटते, आणि माझ्या मते खर्च वाचवण्याचा हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दोष ओळखण्यासाठी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, पाहावा. 30 अंश व 60 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे 21.4 अंश असतो. बाहेर 15 अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग जवळजवळ 19 अंशांपर्यंत उतरतो आणि तिच्यावर पाणी जमते. दुहेरी काच 24 अंशांच्या आसपास राहून कोरडी राहते. काच कोरडी असूनही छताच्या कोपऱ्यात थेंब आणि गंज दिसत असेल, तर तेथील उष्णतारोधक थर किंवा बाष्परोधक पडदा तुटलेला असतो, अथवा डक्टमधील कोरडी हवा तेथे पोहोचत नसते. टांगलेल्या छताची तपासणी तर टाळूच नये : 1985 मध्ये स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे क्लोरीनयुक्त ओल्या हवेने स्टेनलेस स्टीलचे आधारदांडे तडकून तलावाचे छत कोसळले आणि 12 जणांचा मृत्यू झाला. दालनाचा दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा किंचित कमी ठेवल्यास ही हवा कपडे बदलण्याच्या खोल्यांत व इमारतीच्या भिंतींत शिरत नाही.