पार्श्वभूमी: टेस्टिंगच्या सर्टिफिकेशनमध्ये ऑटोमेशन नेमके किती?

सॉफ्टवेअर टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या फाउंडेशन पातळीच्या अभ्यासक्रमाची ४.० ही आवृत्ती २०२३ साली आली. तिच्या सहाव्या प्रकरणाच्या शीर्षकाशेजारी २० मिनिटे असा आकडा छापलेला आहे. हे टूल्सचे प्रकरण, ऑटोमेशन येते ते यातच. मान्यताप्राप्त क्लासने एखाद्या प्रकरणाला किमान किती वेळ द्यायचा, ते ही मिनिटे सांगतात. सगळ्या सहा प्रकरणांची बेरीज ११३५ मिनिटे होते, म्हणजे जवळजवळ १९ तास. त्यातली २० मिनिटे टूल्सना. परीक्षेत ४० प्रश्नांपैकी २ प्रश्न या प्रकरणावर येतात आणि उत्तीर्ण व्हायला २६ बरोबर लागतात. म्हणजे ऑटोमेशनचे दोन्ही प्रश्न चुकले तरी निकालावर फारसा फरक पडत नाही.

'ऑटोमेशनकडे जायचंय, म्हणून आधी सर्टिफिकेशन करतोय' असे म्हणणाऱ्या मॅन्युअल टेस्टरने पैसे भरण्याआधी हा आकडा पाहायला हवा. पण २० मिनिटे वाचून अभ्यासक्रम निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणेही घाईचे होईल. हा आकडा इथवर कसा घसरला, हे पाहिले की अभ्यासक्रमात काय आहे आणि काय नाही ते उलगडते.

२०११ च्या आवृत्तीत याच प्रकरणाला ८० मिनिटे होती आणि ४ प्रश्न होते. एकूण बेरीज तेव्हा ८६५ मिनिटांची. २०१८ च्या आवृत्तीत एकूण वेळ १००५ मिनिटांवर गेला, पण टूल्सच्या वाट्याला ४० मिनिटे आणि २ प्रश्न उरले. २०२३ मध्ये ४० ची २० झाली. बारा वर्षांत अभ्यासक्रम वाढत गेला आणि टूल्सचा वाटा दोनदा निम्मा झाला. नेमक्या याच काळात नोकरीच्या मुलाखतींत ऑटोमेशनचे प्रश्न वाढत होते. हा निर्णय तेव्हाही वादाचा होता, आजही आहे. क्लास चालवणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, तर अनेक टेस्टरांना वाटले की मंडळाला बाजारात काय चाललेय ते कळतच नाही.

या निर्णयामागचे कारण समजायला विनरनर आणि क्यूटीपी या विकत घ्यायच्या ऑटोमेशन टूल्सचे दिवस आठवावे लागतात. तेव्हा ऑटोमेशन येते म्हणजे एक विशिष्ट टूल येते, असाच अर्थ होता. टूल विकणारी कंपनीच त्या टूलचे सर्टिफिकेट द्यायची आणि बायोडेटावर तेच वजनदार ठरायचे. विनरनरची स्क्रिप्ट त्याच्या स्वतःच्या, सी भाषेच्या वळणाच्या टीएसएलमध्ये लिहिली जायची. २००० च्या दशकाच्या अखेरीस विनरनरच बंद झाले आणि टीएसएल शिकलेल्यांना ती भाषा दुसरीकडे कुठे वापरता आली नाही. क्यूटीपीची भाषा व्हीबीस्क्रिप्ट. तिलाही तिच्या निर्मात्यांनी २०२३ साली निवृत्तीच्या यादीत टाकले. ब्राउझर चालवणाऱ्या सेलेनियमची सुरुवात २००४ ची. हे टूल फुकट मिळायचे आणि जावा, पायथन, सी-शार्प अशा नेहमीच्या भाषांत वापरता यायचे. २०११ मध्ये वेबड्रायव्हरसह त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यानंतर विकत घ्यायच्या टूलचे सर्टिफिकेट झपाट्याने मागे पडले.

अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी सुरुवातीपासून एक पथ्य पाळले होते: कुठल्याही टूलचे नाव घ्यायचे नाही, कुठलीही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची नाही. १९९८ साली ब्रिटनमध्ये पहिले फाउंडेशन प्रमाणपत्र निघाले, २००२ मध्ये एडिंबराला आयएसटीक्यूबी हे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि हे पथ्य पुढे चालत राहिले. त्याचा फायदा असा की २०११ साली मिळालेले प्रमाणपत्र आजही वैध आहे, त्याला मुदत नाही. तोटा असा की टूलशिवाय टूलबद्दल बोलायचे म्हटले की प्रकरण याद्यांचे होते: टूल्सचे प्रकार, फायदे, धोके. २०११ च्या प्रकरणात निदान डेटा-ड्रिव्हन आणि कीवर्ड-ड्रिव्हन स्क्रिप्टिंगची ओळख होती. २०२३ मध्ये तीही गेली. आता उरली आहेत दोन उद्दिष्टे: टूल्सचे प्रकार टेस्टिंगला कशी मदत करतात ते समजावून सांगता येणे, आणि ऑटोमेशनचे फायदे-धोके आठवणे. दुसरे उद्दिष्ट के-१ पातळीचे आहे, म्हणजे निव्वळ पाठांतराचे.

जो मजकूर काढला तो कुठे गेला? २०१६ मध्ये ऑटोमेशनचा वेगळा, वरच्या पातळीचा अभ्यासक्रम निघाला होता: टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअर, म्हणजे टीएई. त्याला बसायला फाउंडेशनचे प्रमाणपत्र लागते. स्क्रिप्टिंगच्या पद्धती, फ्रेमवर्कचे थर, रिपोर्टिंग, देखभाल हे सगळे त्यात आहे. रिकाम्या झालेल्या जागेत अजाइल आले, कारण २०१४ पासून स्वतंत्र असलेल्या अजाइलच्या परीक्षेतला बराच भाग ४.० ने पोटात घेतला. ही वाटणी माझ्या मते योग्यच होती. चूक झाली ती विक्रीत. क्लासच्या जाहिरातीत 'मॅन्युअल ते ऑटोमेशन' लिहिलेले असते आणि हातात फाउंडेशनचे पुस्तक येते, तेव्हा फसवणूक अभ्यासक्रमाने केलेली नसते.

दोन्ही अभ्यासक्रम एका छोट्या कामावर लावून पाहू. कर्जाच्या अर्जात वयाचा रकाना आहे आणि १८ ते ६० ही वये चालतात. फाउंडेशनचे चौथे प्रकरण, ज्याला ३९० मिनिटे आहेत, इथे थेट कामाला येते. दोन-मूल्यी सीमा विश्लेषण १७, १८, ६०, ६१ ही चार वये देते. मॅन्युअल टेस्टर हे रोज करतो. आता तेच ऑटोमेट केले:

```python
@pytest.mark.parametrize("age, ok", [
    (17, False), (18, True), (60, True), (61, False)])
def test_age(page, age, ok):
    form = LoanForm(page)
    form.submit_age(age)
    assert form.accepted() == ok
```

यातली चार वये फाउंडेशनची. चाचणी एक आणि डेटा वेगळा, ही डेटा-ड्रिव्हन मांडणी टीएईची. पडद्याचे सगळे तपशील `LoanForm` मध्ये कोंडून ठेवणे म्हणजे पेज ऑब्जेक्ट. टीएईच्या २०२४ च्या आवृत्तीत तो नावानिशी आहे. पायथन, पायटेस्ट आणि ब्राउझर चालवणारे प्लेराइट मात्र दोन्ही अभ्यासक्रमांत कुठेच नाही.

समजा `accepted()` असे लिहिले आहे:

```python
def accepted(self):
    return self.page.locator("#approved").is_visible()
```

लॅपटॉपवर चारही चाचण्या हिरव्या. रात्रीच्या बिल्डमध्ये सर्व्हर मंद असतो, तेव्हा १८ आणि ६० लाल, १७ आणि ६१ हिरव्या. पाहणारा म्हणतो, निम्म्या तरी चालल्या. खरे तर त्या हिरव्या जास्त धोक्याच्या आहेत. `is_visible()` थांबत नाही, त्या क्षणी पडद्यावर जे आहे त्यावर उत्तर देते. 'मंजूर' हा संदेश अजून आलेलाच नाही, म्हणून चारही वयांना उत्तर `False` मिळते. १७ आणि ६१ ला `False` च अपेक्षित होते, म्हणून ती पास. उद्या डेव्हलपरने चुकून ६१ ला मंजुरी दिली, तरी ही चाचणी हिरवीच राहील. ओळखायची खूण हीच: 'नाही' अपेक्षित असलेल्या सगळ्या चाचण्या पास आणि 'हो' अपेक्षित असलेल्या सगळ्या फेल, असा निकाल दिसला की आधी वाट पाहण्यातली चूक शोधावी.

इथे अभ्यासक्रमाची खरी मदत होते. २०१८ च्या फाउंडेशनमध्ये दोन्ही दोषांची नावे आहेत. १८ चा लाल निकाल फॉल्स पॉझिटिव्ह, कारण दोष नसताना दोष दाखवला. ६१ ला चुकून मंजुरी मिळत असूनही निकाल हिरवा आला, तर तो फॉल्स निगेटिव्ह, कारण दोष असून दिसला नाही. ही नावे अनेकांच्या डोक्यात उलटी बसतात, कारण 'पॉझिटिव्ह' म्हणजे पास असे वाटते. रक्ततपासणीसारखे पाहिले की गोंधळ मिटतो: पॉझिटिव्ह म्हणजे आजार सापडला.

वाट पाहण्याचे तीन मार्ग टीएईच्या २०१६ च्या आवृत्तीत सांगितले आहेत: ठरावीक सेकंद थांबणे, थोड्या थोड्या वेळाने विचारत राहणे, किंवा सॉफ्टवेअरनेच 'झाले' असे कळवण्याची सोय वापरणे. पहिला सोपा आणि सर्वांत वाईट, तिसरा सर्वांत खात्रीचा, पण ती सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. आपल्या चाचणीला दुसरा मार्ग पुरतो:

```python
expect(form.approved).to_be_visible()   # 18, 60
expect(form.age_error).to_be_visible()  # 17, 61
```

`expect` संदेश दिसेपर्यंत, नाहीतर पाच सेकंद संपेपर्यंत, पुन्हा पुन्हा पाहतो. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. 'मंजूर दिसत नाही' हे तपासण्याऐवजी 'वय चालत नाही' हा संदेश दिसतो का, ते ती तपासते. तिच्या जागी `not_to_be_visible()` लिहिले तर जुनाच दोष परत येईल, कारण पडदा रिकामा असताना ते लगेच पास होते. कुठला मार्ग निवडायचा आणि का, हे टीएई विचारते. ही ओळ लिहिता येते का, हे ती परीक्षा तपासत नाही. तीही पर्याय निवडण्याचीच परीक्षा आहे, कोड लिहायला लावत नाही.

शब्दांचा एक गुंता अलीकडचा आहे. टीएईच्या पुस्तकात टीएएस म्हणजे टेस्ट ऑटोमेशन सोल्युशन: चाचण्या, फ्रेमवर्क आणि त्यांना लागणारे वातावरण मिळून उभी राहणारी पूर्ण व्यवस्था. २०२४ मध्ये त्याच मंडळाने नवी परीक्षा काढली आणि तिचे संक्षिप्त नाव ठेवले `CT-TAS`. इथे टीएएस म्हणजे टेस्ट ऑटोमेशन स्ट्रॅटेजी. ऑटोमेशन करायचे की नाही, कुठल्या पातळीवर, किती खर्चात, असा तिचा विषय असून तो मॅनेजर आणि टेस्ट लीडच्या कामाचा आहे. नाव पाहून 'ही नवी, म्हणून हीच घ्यावी' असे म्हणत मॅन्युअल टेस्टर तिकडे वळला, तर फ्रेमवर्कचे थर त्याला तिथे भेटणार नाहीत. ते टीएईमध्ये, म्हणजे `CTAL-TAE` मध्ये आहेत. त्यातही २०१६ च्या चार थरांची आकृती २०२४ च्या आवृत्तीत बदलली आहे. आता फ्रेमवर्कचे तीन थर सांगतात: टेस्ट स्क्रिप्ट, बिझनेस लॉजिक आणि कोअर लायब्ररी. वरच्या उदाहरणात `test_age` पहिल्या थरात, `LoanForm` दुसऱ्यात आणि ब्राउझर चालवणारा सामायिक कोड तिसऱ्यात बसतो. जुने प्रश्नसंच घेऊन अभ्यास करणारे याच ठिकाणी अडकतात.

२०२४ च्या आवृत्तीत टीएईच्या नावातला 'इंजिनिअर' जाऊन 'इंजिनिअरिंग' आले. आधीचे नाव परीक्षार्थीला पदवी दिल्यासारखे वाटायचे, नवे नाव विषयाचे आहे.